दुसऱ्या देशात बसून आमची लाईट घालवता येते काय?

प्रश्न: नमस्कार सर. ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आलं होतं की पाकिस्ताननं सायबर हल्ला करून देशातली ७० टक्के वीज बंद पाडली. त्याच संध्याकाळी आमच्या वडगावात खरंच बराच वेळ लाईट नव्हती, म्हणून सगळ्यांनी खरं मानलं. असं दुसऱ्या देशात बसून आमची लाईट घालवता येते काय? आणि घालवली तर ते युद्ध धरतात की नाही? त्याला काही नियम-कायदा आहे काय? – एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर:

घालवता येते. जगात ते घडलेलं आहे, आणि कसं घडलं ते मिनिटामिनिटाच्या हिशेबानं लिहून ठेवलेलं आहे. पण तुमच्या ग्रुपवर आलं होतं तसं ते नसतं. तो ७० टक्क्यांचा दावा पीआयबीच्या फॅक्ट चेक विभागानं १० मे २०२५ रोजीच खोटा म्हणून जाहीर केला होता. सरकारनं खोटं म्हटलं म्हणून खोटं मानायचं, असं मात्र मी सांगणार नाही. तो दावा विजेच्या हिशेबातच बसत नाही.

३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यामधल्या त्या एका लाईननं अख्खा देश एका फ्रिक्वेन्सीवर आला. आज वडगावच्या सॉकेटमध्ये जे ५० हर्ट्झ आहेत, तेच अमृतसरला आणि गुवाहाटीला आहेत. ती फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात ठेवायला देशभरातली माणसं रात्रंदिवस बसलेली असतात. ३० मे २०२४ ला देशाची मागणी सुमारे अडीच लाख मेगावॅटपर्यंत गेली होती. अशा ग्रिडमधून ७० टक्के भार एका झटक्यात तुटला तर उरलेले ३० टक्के सुखानं चालू राहत नाहीत. फ्रिक्वेन्सी उसळते, वीजकेंद्रं स्वतःला वाचवायला एकामागून एक बाहेर पडतात आणि काही मिनिटांत बहुतेक देश अंधारात जातो. म्हणजे "७० टक्के बंद, बाकी चालू" ही स्थिती टिकूच शकत नाही. ज्यानं तो आकडा लिहिला त्याला वीज कशी वाहते हे ठाऊक नव्हतं, किंवा वाचणाऱ्याला ठाऊक नसेल याची त्याला खात्री होती.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. "मोबाईल तर चालू होता, मग लाईट कुठं गेली?" असा वाद त्या दिवसांत बऱ्याच जणांनी घातला. तो पुरावा नव्हे. टॉवरला बॅटरी असते, डिझेल जनरेटर असतो. वीज गेल्यावरही काही तास ग्रुप चालतातच, आणि अफवेचे तेच खरे तास असतात.

आता खरा हल्ला कसा असतो ते बघू. मी नियंत्रण कक्ष आणि संरक्षण रिले यांच्या कामात बरीच वर्षं काढली. आमच्या क्षेत्रात सगळ्यांनी पहिल्यांदा अभ्यासलेली घटना म्हणजे पश्चिम युक्रेनमधली, २३ डिसेंबर २०१५ ची.

तिची सुरुवात त्या वर्षीच्या वसंतात, म्हणजे निदान सहा महिने आधी झाली. तिकडच्या वीजवितरण कंपन्यांच्या कार्यालयीन माणसांना ईमेल आले. सोबत वर्ड किंवा एक्सेलची फाईल. उघडली की वर पट्टी येते: मजकूर दिसण्यासाठी मॅक्रो चालू करा. कुणीतरी केलं. ब्लॅकएनर्जी नावाचा प्रोग्राम त्या संगणकात बसला आणि बाहेरच्या माणसाला दार उघडं झालं. हे संगणक पगार, बिलं, पत्रव्यवहार यांचे होते. ब्रेकर, म्हणजे उघडला की लाईनची वीज तोडणारे मोठे स्विच, चालवणारं जाळं वेगळं होतं आणि मध्ये फायरवॉल होती. इथंच बऱ्याच लोकांचा समज थांबतो, की फायरवॉल आहे म्हणजे आपण सुरक्षित.

हल्लेखोरांनी ती फायरवॉल फोडलीच नाही. ते महिनोन् महिने कार्यालयीन जाळ्यात शांत राहिले आणि कर्मचाऱ्यांची नावं व पासवर्ड गोळा करत गेले. कंपनीची काही माणसं घरून नियंत्रण प्रणालीत शिरायची, त्यासाठी व्हीपीएनची वाट होती. त्या वाटेवर पासवर्डशिवाय दुसरी तपासणी नव्हती, फोनवर ओटीपी वगैरे काही नाही. चोरलेल्या पासवर्डनं ते समोरच्या दारानं, कंपनीचाच माणूस म्हणून आत गेले. तिथं त्यांनी अभ्यास केला. कुठलं उपकेंद्र कुठं आहे, कुठला ब्रेकर स्क्रीनवर कुठं दिसतो, कंपनीचं सॉफ्टवेअर कसं चालतं. एका वेळी तीन कंपन्यांवर हल्ला करायचा होता आणि तिघांची सॉफ्टवेअर सारखी नव्हती, म्हणून तो अभ्यास तीनदा.

२३ डिसेंबरला दुपारी साडेतीनच्या सुमारास इव्हानो-फ्रांकिव्स्कच्या कंपनीतल्या ऑपरेटरच्या डोळ्यांसमोर माऊसचा बाण आपोआप हलायला लागला. तो एका उपकेंद्राच्या ब्रेकरवर गेला, "उघडा" वर टिचकी पडली, खात्री विचारणारी खिडकी आली, तिच्यावरही टिचकी पडली. ऑपरेटरनं माऊस ओढून बघितला, उपयोग झाला नाही. थोड्याच वेळात त्याला प्रणालीतून बाहेर काढलं गेलं आणि त्याचा पासवर्डही चालेना. अर्ध्या तासाच्या आत तिन्ही कंपन्यांत हेच झालं. तीसेक उपकेंद्रं बंद पडली आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. बाहेर डिसेंबरातली युक्रेनची थंडी.

बघा, ब्रेकर कुठल्याही विषाणूनं उघडले नाहीत. माणसांनी उघडले, कंपनीच्याच सॉफ्टवेअरनं, कंपनीच्याच पद्धतीनं. विषाणूचं काम त्यांना आत आणून बसवणं एवढंच होतं. म्हणून "अँटिव्हायरस टाकलाय" एवढ्यानं या क्षेत्रात कुणी निर्धास्त होत नाही.

अंधार करणं सोपं होतं. तो लांबवायला त्यांनी जे केलं, त्यावरून माणसं कसलेली होती हे कळतं. नियंत्रण कक्षातून उपकेंद्राला आज्ञा पोचवणारा एक छोटा डबा असतो, जुन्या सिरीयल वायरचं बोलणं नेटवर्कच्या भाषेत फिरवणारा. त्या डब्यांतलं मूळ सॉफ्टवेअर त्यांनी कचरा लिहून पुसलं. ब्रेकर परत लावण्याची आज्ञा आता पोचूच शकत नव्हती, आणि डबे बदलल्याशिवाय इलाज नव्हता. नियंत्रण कक्षाला आधार देणाऱ्या यूपीएसच्या वेळापत्रकात त्यांनी आधीच बदल करून ठेवला होता, म्हणजे शहराबरोबर ऑपरेटरही अंधारात. शेवटी किलडिस्क नावाच्या प्रोग्रामनं संगणकांच्या डिस्क पुसल्या. आणि या सगळ्यात ग्राहक तक्रार केंद्रावर हजारो खोटे फोन सोडले गेले, जेणेकरून खऱ्या ग्राहकाचा फोन लागू नये.

फोनचा हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यानं एक मेगावॅटही बंद पडत नाही. त्यानं बंद पडतं ते लोकांना मिळणारं उत्तर. लाईट का गेली, कधी येणार, हे सांगणारं कुणी नसलं की ती पोकळी भरायला शेजाऱ्याचा फोन पुरतो. तारांवरचा हल्ला आणि मनांवरचा हल्ला हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवतात, पण ज्यांनी ते काम केलं त्यांनी एकाच आराखड्यात दोन्ही ठेवले होते.

लाईट एक ते सहा तासांत परत आली. कशी? लाईनमन गाड्या काढून उपकेंद्रांवर गेले आणि हातानं ब्रेकर लावले. तिथली यंत्रणा जुनी होती आणि हातानं चालवायची सवय अजून मोडली नव्हती, हे त्यांचं नशीब. नंतर किती तरी दिवस त्यांना बरंचसं काम असंच हातावर ओढावं लागलं. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात पावसाळ्यात झाड पडून फीडर गेला की आपले लाईनमन रात्री भिजत जे करतात तेच हे काम आहे. स्वयंचलित यंत्रणा वाढवताना हाताची सवय ठेवायची की नाही, हा प्रश्न म्हणूनच पैशापुरता नसतो.

वर्षभरानं, १७ डिसेंबर २०१६ ला, कीव्हच्या उत्तरेच्या पिव्निच्ना उपकेंद्रावर दुसरा हल्ला झाला. या वेळी माऊस हलवायला माणूस नव्हता. इंडस्ट्रॉयर नावाचा प्रोग्राम उपकेंद्राच्या यंत्रांच्याच भाषेत आज्ञा देत होता. कीव्हचा सुमारे पाचवा हिस्सा तासभर अंधारात गेला. तंत्र पुढचं होतं, परिणाम लहान. या शस्त्राची मर्यादा इथं दिसते: महिनोन् महिने तयारी, मिळकत काही तास, आणि एकदा वापरलं की समोरचा शिकतो. या हल्ल्यांमागं ज्याचं नाव घेतलं जातं त्या रशियाला युक्रेनचं ग्रिड खरोखर मोडायचं होतं तेव्हा, ऑक्टोबर २०२२ पासून, त्यानं क्षेपणास्त्रं आणि ड्रोन वापरले. जळालेला ट्रान्सफॉर्मर हातानं परत लावता येत नाही.

मग वडगावातल्या त्या संध्याकाळचं काय? फीडर बंद पडतो तेव्हा कारणाची खूण मागं राहते. झाड तारेवर पडलं, इन्सुलेटर फुटला, तर मोठा करंट जमिनीकडे किंवा दुसऱ्या तारेकडे धावतो, रिले तो ओळखतो आणि ब्रेकर उघडतो. रिलेवर त्याचा निशाण पडतो, कुठल्या फेजवर किती करंट होता याची नोंद राहते. युक्रेनसारख्या हल्ल्यात उलट असतं. ब्रेकर उघडलेला, पण रिलेवर निशाण नाही, दोषाचा करंट नाही, कारण दोष झालेलाच नाही, कुणीतरी आज्ञा दिली आहे. दुसरी खूण म्हणजे एकमेकांशी तारांनी न जोडलेली उपकेंद्रं एकाच वेळी बंद पडणं. तिसरी म्हणजे नियंत्रण कक्षाचे पडदे त्याच वेळी मरणं. तिन्ही एकत्र दिसल्या तर कुठल्याही ऑपरेटरच्या पोटात गोळा येईल. एका भागात लाईट जाते, शेजारच्या भागात असते, आणि मे महिन्याची वळवाची संध्याकाळ असते, तेव्हा आधी फांद्यांचा विचार करायचा. हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसात जाऊन "कुठला रिले पडला होता" एवढं विचारलं तरी उत्तर मिळू शकतं.

आता नियमाकडे येतो. तुमच्या प्रश्नाचा हा भाग लोक सहसा विचारत नाहीत, आणि खरा गुंता इथंच आहे.

संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या वीस देशांच्या तज्ज्ञांच्या गटानं २०१५ च्या उन्हाळ्यात एक अहवाल दिला. गटात अमेरिका, चीन, रशिया होते. पाकिस्तान होता. त्या फेरीत भारत नव्हता. अहवालात शांततेच्या काळात देशांनी कसं वागावं याचे अकरा संकेत होते. त्यातला एक असा: दुसऱ्या देशाच्या लोकांना सेवा देणाऱ्या अत्यावश्यक यंत्रणांचं जाणूनबुजून नुकसान करणारं सायबर काम, आंतरराष्ट्रीय कायद्यातल्या आपल्या जबाबदाऱ्या मोडून, कुठल्याही देशानं करू नये किंवा त्याला पाठबळ देऊ नये. आणखी एक असा की स्वतःच्या भूमीचा असल्या कामासाठी वापर जाणूनबुजून होऊ देऊ नये. रशियाच्या तज्ज्ञानं याला मान्यता दिली होती.

या अहवालाप्रमाणे देशांनी वागावं असं सांगणारा ठराव आमसभेनं मतदान न घेता, म्हणजे कुणाचाही विरोध नसताना, मंजूर केला. तारीख होती २३ डिसेंबर २०१५.

इव्हानो-फ्रांकिव्स्कमध्ये तो माऊस हलला ती हीच तारीख. कुणी ठरवून जुळवलं असं मी म्हणत नाही, तसा पुरावाही नाही. पण "नियम नाहीत म्हणून हे चालतं" असं कुणी म्हणालं की मी ही तारीख पुढे करतो. नियम होता. तो ऐच्छिक होता, बंधनकारक नव्हता, पण लिहिलेला होता आणि सगळ्यांनी मान डोलावलेली होती.

तर मग मोडल्यावर काय झालं? बराच काळ काहीच नाही. युरोपीय संघानं ३० जुलै २०२० ला सायबर हल्ल्यांसाठी आपले पहिले निर्बंध लावले, त्यात रशियन लष्करी गुप्तचर संस्थेच्या एका केंद्राचं नाव होतं आणि कारणांत युक्रेनच्या ग्रिडवरचे हल्ले होते. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं त्याच संस्थेच्या ७४४५५ क्रमांकाच्या तुकडीतल्या सहा अधिकाऱ्यांवर नावानिशी आरोपपत्र जाहीर केलं. म्हणजे लाईट सहा तासांत आली आणि आरोपपत्र यायला जवळपास पाच वर्षं लागली. ते सहा जण रशियात आहेत, रशिया सगळं नाकारतो, खटला उभा राहायची चिन्हं नाहीत.

ते युद्ध होतं काय? संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत दोन पायऱ्या आहेत. दुसऱ्या देशावर बळाचा वापर करू नका, ही एक. आणि सशस्त्र हल्ला झाला तर स्वसंरक्षणाचा हक्क आहे, ही दुसरी, कलम ५१ मधली. सायबर हल्ला कुठल्या पायरीवर बसतो हे ठरवायला बहुतेक कायदेपंडित परिणाम किती मोठा आणि कशा जातीचा, हे बघतात. धरण फुटलं, माणसं मेली, कारखाने उडाले, तर साधन बॉम्ब होतं की कीबोर्ड याला महत्त्व नाही. सव्वादोन लाख ग्राहकांची काही तास गेलेली वीज, तीही मृत्यूची नोंद नसलेली, कलम ५१ पर्यंत पोचते असं मानणारे फार थोडे. म्हणून माझं उत्तर सरळ आहे: बेकायदा, होय. युद्ध, नाही. आणि राज्यं नेमकी याच पट्ट्यात खेळतात, कारण इथं मार लागतो पण उलट तोफ डागायचा अधिकार मिळत नाही.

त्या पट्ट्याचा कायदा काय, यावरही एकमत नाही. ब्रिटननं २०१८ मध्ये भूमिका मांडली की नुसतं दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं म्हणजे सार्वभौमत्वाचा भंग, असा स्वतंत्र नियम सायबरच्या बाबतीत अजून नाही. फ्रान्सनं पुढच्या वर्षी उलट बाजू घेतली. दोघे मित्रदेश, एकाच लष्करी करारात. २०१७ मध्ये तर संयुक्त राष्ट्रांचा पुढचा तज्ज्ञगट एकमत न होताच उठला. युद्धाचा कायदा आणि स्वसंरक्षणाचा हक्क सायबरला लागू होतो असं स्पष्ट लिहायचं की नाही, हा भांडणाचा मुद्दा होता. विरोध करणारे म्हणत, तसं लिहिणं म्हणजे सायबर युद्धाला परवाना देणं आणि ताकदवान देशांच्या हातात बदल्याचं कारण देणं. हा युक्तिवाद मला पूर्ण पटत नाही, पण तो निव्वळ ढोंग म्हणून उडवूनही लावता येत नाही. इराणच्या नतान्झ इथल्या अणुकेंद्रातले सेंट्रिफ्यूज बिघडवणारा स्टक्सनेट हा प्रोग्राम २०१० मध्ये उघड झाला, आणि तो अमेरिका-इस्रायलनं बनवला असं सर्वत्र मानलं जातं, तरी दोघांनी आजवर अधिकृत कबुली दिलेली नाही. नियम लिहायला बसलेल्यांत कुणाचेच हात कोरडे नव्हते.

माझ्या मते या नियमाचं खरं भोक आणखी वेगळ्या जागी आहे. संकेत म्हणतो, नुकसान करू नका. पण युक्रेनच्या हल्ल्यातले सहा महिने नुकसान शून्य होतं. कुणीतरी आत बसून बघत होता, एवढंच. आणि शांततेच्या काळात हेरगिरीला आंतरराष्ट्रीय कायदा सरळ बंदी घालत नाही, कारण सगळेच ती करतात आणि कुणालाच ती सोडायची नाही. शेताची मोजणी करायला आलेला आणि पीक पेटवायला आलेला, दोघंही आधी बांधावर उभे राहून शेतच बघतात. आत बसलेला प्रोग्राम हेरासाठी आहे की तोडफोडीसाठी, हे वापर होईपर्यंत बाहेरून सांगता येत नाही. नियम जिथं सुरू होतो तिथं काम जवळजवळ संपलेलं असतं.

हे आपल्या दाराशीही आलेलं आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली, लोकल थांबल्या, ते सगळ्यांना आठवत असेल. २८ फेब्रुवारी २०२१ ला रेकॉर्डेड फ्युचर या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला. चीनशी संबंधित म्हणून तिनं 'रेडएको' असं नाव दिलेल्या गटानं भारताच्या वीजक्षेत्रातल्या दहा संस्थांना लक्ष्य केलं होतं, त्यात देशातल्या पाचपैकी चार प्रादेशिक भार नियंत्रण केंद्रं होती. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी मुंबईच्या अंधारामागं घातपाताची शक्यता बोलून दाखवली. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, ती मानवी चूक होती. खुद्द अहवाल लिहिणाऱ्या कंपनीनं तो संबंध सिद्ध झालेला नाही असंच म्हटलं होतं, पण मथळ्यांत तेवढं वाक्य गळलं.

दोन गोष्टी वेगळ्या धरा. केंद्रांत शिरायचा प्रयत्न झाला, हे ऊर्जा मंत्रालयाच्या निवेदनातूनही दिसतं. काही केंद्रांत शॅडोपॅड या प्रोग्रामच्या धोक्याची सूचना केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, सर्ट-इननं, नोव्हेंबर २०२० मध्येच दिली होती, आणि कामकाजावर परिणाम झाला नाही असं मंत्रालयानं सांगितलं. मुंबईचा अंधार त्यामुळे झाला, हे मात्र कुणी दाखवलेलं नाही. पण तुम्हाला धमकी पोचवायची असेल तर दाखवायची गरजही नाही. "आम्ही तुमच्या घरात असू शकतो" एवढी शंका गलवाननंतरच्या त्या वर्षात पुरेशी होती. आपल्याच दोन सरकारांनी दोन उत्तरं दिली, ती शंका वाढवायला बाहेरचं कुणी लागलं नाही.

इथून विषय आपोआप तुमच्या ग्रुपकडे येतो. ग्रिड पाडायला सहा महिने आणि कसलेली माणसं लागतात. ग्रिड पडलं असं लिहायला काहीच लागत नाही. मे २०२५ मध्ये पंजाब, राजस्थान, जम्मूच्या सीमाभागात प्रशासनानंच रात्री दिवे बंद ठेवले होते, अंधाराचे व्हिडिओ खरे होते. खऱ्या अंधाराला खोटं कारण चिकटवलं की झालं.

त्याच दिवसांतलं आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण जास्त शिकवणारं आहे. कर्नल सोफिया कुरेशी पत्रकार परिषदांत दिसू लागल्या आणि त्यांची सासुरवाडी गोकाक तालुक्यातल्या कोण्णूरची, हे सगळ्यांना कळलं. लगेच एक्सवर एक पोस्ट फिरली की कोण्णूरच्या त्या घरावर हल्ला करून जाळपोळ झाली. बेळगावच्या पोलीस अधीक्षकांनी ती खोटी असल्याचं सांगितलं, पोस्ट नंतर काढली गेली, घराला पोलीस बंदोबस्त दिला गेला. लिहिणाऱ्याचं खातं परदेशातलं दिसत होतं. आता विचार करा, ती पोस्ट कुणासाठी होती? गोकाकच्या माणसाला ती फसवू शकत नव्हती, एक फोन केला की घर उभं आहे हे कळत होतं. ती कोण्णूर नकाशावर कुठं आहे हे ठाऊक नसलेल्यांसाठी होती: देशातल्या दूरच्या शहरांतल्या आणि परदेशातल्या वाचकांसाठी. नाव खरं, गाव खरं, नातं खरं, फक्त घटना खोटी.

आणि तरीही ते पाकिस्तानच्या राज्ययंत्रणेचं काम होतं असं मी लिहिणार नाही. तसं कुणी सिद्ध केलेलं नाही. ग्रिडवरच्या हल्ल्यात निदान प्रोग्रामचे नमुने, सर्व्हर, कामाच्या वेळा यांवरून तुकडीपर्यंत पोचता येतं, पाच वर्षांनी का होईना. अफवेच्या बाबतीत राज्याचा पगारी माणूस, स्वतःहून पेटलेला समर्थक आणि लाईकसाठी लिहिणारा, तिघांचं लिखाण सारखंच दिसतं. राज्यांना ते सोयीचंच असतं. आपल्या भागात तर कोरडा कडबा तयारच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बस कंडक्टरच्या मारहाणीवरून मराठी-कन्नड वाद पेटला आणि दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबल्या, तेव्हा बाहेरच्या कुणाची गरज पडली नव्हती. पण उद्या कुणाला बेळगावात गडबड हवी असेल तर तो नवा वाद शोधणार नाही, जुनाच व्हिडिओ नव्या तारखेनं सोडेल, मराठीत एक मजकूर लिहून आणि कन्नडमध्ये दुसरा.

यासाठी नियम? एकदा प्रयत्न झाला होता. १९३६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघानं रेडिओसाठी एक करार केला: दुसऱ्या देशात बंडाळी पेटवणारं किंवा जाणूनबुजून खोटं प्रसारण करायचं नाही, आणि खोटं गेलं तर लवकरात लवकर दुरुस्त करायचं. ब्रिटिश हिंदुस्थान त्यात सामील होता. ज्यांच्या रेडिओची सगळ्यांना धास्ती होती ते जर्मनी, इटली, जपान आलेच नाहीत. करार कागदावर राहिला.

आजची अडचण आणखी खोल आहे. रशिया आणि चीनला वाटतं की दुसऱ्या देशातून येणारा, आपली सत्ता डळमळीत करणारा मजकूर हासुद्धा हल्लाच आहे आणि नियमात तो यायला हवा. २०११ आणि २०१५ मध्ये त्यांनी मित्रदेशांसह तसे मसुदे संयुक्त राष्ट्रांसमोर ठेवले. पाश्चात्त्य देश म्हणतात, असा नियम केला की कुठलंही सरकार टीकेला परकी हल्ला ठरवून दाबेल. दोघांचीही भीती खोटी नाही. परक्या देशाच्या अंतर्गत कारभारात बळजबरीनं ढवळाढवळ करू नये हे जुनं तत्त्व आहे, पण ते "बळजबरी" मागतं. कोण्णूरच्या पोस्टनं कुणावर बळजबरी केली? ती नुसती खोटी होती. आंतरराष्ट्रीय कायद्यात नुसतं खोटं बोलणं गुन्हा नाही, युद्धात शत्रूला हुलकावणी देणं तर रीतसर मान्य आहे.

आजची स्थिती एवढीच आहे. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या सदस्य देशांसाठी खुल्या गटानं ते अकरा संकेत पुन्हा मान्य केले. युक्रेनवर आक्रमण होऊनही पुढचा गट मोडला नाही, आणि जुलै २०२५ मध्ये त्यानं या चर्चेसाठी कायमस्वरूपी व्यासपीठ उभारायचं ठरवलं. तिथं निर्णय एकमतानं व्हायचे आहेत, म्हणजे ज्याच्यावर बोट ठेवायचं त्याचीही संमती लागणार. ग्रिडबद्दलचा संकेत निदान त्या टेबलावर आहे. अफवांबद्दल काय लिहायचं यावर दोन्ही बाजू एका वाक्यावरही येतील असं मला पुढच्या काही वर्षांत दिसत नाही, आणि आलेच तर ते वाक्य आपल्याकडच्या पत्रकाराला कितपत परवडेल, हे आधी वाचून बघावं लागेल.